‘मारुतीला पाणी कुठवर आलंय?’ : स्मृतिभ्रंश झालेली आई, थकलेली मुलगी

ताई माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा आल्या तेव्हा ऑगस्ट होता आणि सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. खुर्चीवर टेकल्या-टेकल्या त्यांनी घड्याळ पाहिलं. शेजारच्या वहिनींना तासाभरासाठी घरात बसवून आल्या होत्या. म्हणाल्या, “मॅडम, मला फक्त झोपेची गोळी कोण देईल तेवढं सांगा. बाकी मला काही नाही.”

त्या 52 वर्षांच्या. नाशिकच्या सिडकोत छोटं घर, यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीवर, मुलगी पुण्यात शिकायला. आई 79 वर्षांच्या, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचं निदान झालं आणि तीन वर्षांपासून त्या मुलीकडे आहेत. भाऊ ठाण्याला असतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, लिहायला ताईंची परवानगी आहे. पुढे आईंना मी आजीच म्हणते.)

गोळीचं बोलणं चालू असताना बाहेर पावसाचा जोर वाढला आणि ताई एकदम गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आता घरी विचारत असेल. मारुतीला पाणी कुठवर आलंय?”

नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, छातीला की गळ्याला, यावर सगळं गाव पुराचा अंदाज बांधतं. आजी लग्न होऊन आल्या त्या नदीकाठच्या वाड्यात. 1969 चा मोठा पूर त्यांनी त्या वाड्यात, कडेवर तान्हं मूल घेऊन काढला होता. आता पावसाचा आवाज आला की त्या विचारतात. उत्तर मिळालं तरी पाच मिनिटांनी परत विचारतात. ताईंनी एका संध्याकाळी मोजलं होतं, 43 वेळा.

“चव्वेचाळिसाव्या वेळी मी म्हटलं, आलं गळ्याशी, आपण सगळे बुडालो, झालं समाधान? ती थरथरायला लागली. मग मी तिला धरून रडत बसले. रात्री तिच्यासाठी शिरा केला.”

तो शिरा मी वहीत टिपून ठेवला. त्याचा अर्थ मात्र मला बराच उशिरा लागला.

आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला आमच्याकडे शुभंकर म्हणतात. शुभंकराचा ताण पाहायला झॅरिट यांची प्रश्नावली वापरतात. 22 प्रश्न, प्रत्येकाला ‘कधीच नाही’साठी 0 ते ‘जवळपास नेहमी’साठी 4 गुण, एकूण 88. चाळिशीच्या वर बेरीज गेली की भार गंभीर होत चालला असं धरतात. मी प्रश्न मराठीत, गप्पांच्या ओघात विचारले. ताईंची बेरीज 49 आली. पण त्या बेरजेपेक्षा दोन उत्तरं बोलकी होती. ‘आईजवळ असताना राग येतो का?’ याला 0. ‘आईसाठी अजून करायला हवं असं वाटतं का?’ याला 4. पाच मिनिटांपूर्वी पुराचा प्रसंग सांगणारी बाई म्हणत होती की राग कधीच येत नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी तो राग नव्हता, ते पाप होतं, आणि पापाचे गुण कुणी शून्य ते चारमध्ये मोजत नाही.

तिसऱ्या भेटीत हाच प्रश्न मी वेगळ्या तऱ्हेने विचारला. “माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींना कधी ना कधी वाटून जातं, की आता ही गेली तर बरं. तुम्हाला वाटलंय?” ताई बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, “रोज.” आणि मग ज्यासाठी त्या खरं तर आल्या होत्या ते बोलल्या. पंधरा दिवसांपूर्वी अंघोळ घालताना आजींनी तांब्या फेकून मारला आणि ‘माझ्या पाटल्या चोरल्यास, आता कपडे काढतेस’ असं ओरडल्या. ताईंनी त्यांचं मनगट इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशी तिथे निळा वळ उमटला. भाऊ आला तेव्हा त्यांनी आजींना लांब बाह्यांचा स्वेटर घातला.

इथे सहानुभूतीचे शब्द पुरत नाहीत, काही प्रश्न सरळ विचारावेच लागतात. असं आधी कधी झालं होतं? परत होईल असं वाटतं? आई गेली तर बरं असं वाटतं, की आपण काहीतरी करून टाकावं असं वाटतं? दोघींनी एकदमच संपावं असं मनात येतं? घरात गोळ्या साठवल्या आहेत? कुणी मरावं असं मनात येऊन जाणं आणि ते घडवायचा बेत असणं यांत फार अंतर आहे, पण ते अंतर न विचारता कळत नाही. ताईंचा बेत काही नव्हता. स्वतःच्या जिवाचं विचारल्यावर म्हणाल्या, “मी गेले तर हिला कोण बघेल?” नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत 27 पैकी 14 आले, म्हणजे मध्यम. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फ्रिजवर चिकटवायला दिला. हात उचलला जाईल असं वाटलं की काय करायचं तेही ठरवलं. आजींना पलंगावर बसवायचं, गॅसचा कॉक बंद करायचा, बाथरूममधल्या बादल्या रिकाम्या करायच्या, आणि दहा मिनिटं गॅलरीत उभं राहायचं. अंघोळ अर्धी राहिली तर राहू द्यायची. अंघोळ रोजच व्हायला हवी असंही नाही. एक दिवसाआड ओल्या पंच्याने अंग पुसलं तरी आजींचं काही बिघडत नव्हतं. ही एवढी गोष्ट पटायला ताईंना दोन आठवडे लागले.

त्या तिसऱ्या भेटीतच प्रश्नावली पुन्हा भरली. बेरीज 58 झाली. भार वाढला नव्हता, पहिल्यांदा तो लपवला गेला होता, स्वतःपासूनसुद्धा. म्हणून पहिल्या भेटीतल्या आकड्यावर मी आता विसंबत नाही.

मग वही सुरू केली, एक साधी शंभर पानी. त्यात पाच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, काय झालं, राग दहापैकी किती, आदल्या रात्री किती तास झोप, आणि नंतर मी काय केलं. शेवटचा रकाना मी फारसा विचार न करता घातला होता. दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा जे काही सापडलं ते त्या रकान्यातच सापडलं.

राग दिवसभर नव्हता. दोन वेळांना तो उसळत होता. एक संध्याकाळी पाच ते सात, आजी ‘घरी जायचंय’ म्हणून दार वाजवायच्या तेव्हा. स्मृतिभ्रंशात उतरत्या उन्हाबरोबर अशी अस्वस्थता बऱ्याच जणांना येते. आणि दुसरी मध्यरात्रीनंतर दोन ते चार. पूर्वी संध्याकाळच्या याच दोन तासांत ताई पाचवी-सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. आजी मध्येच येऊन मुलांच्या वह्या ओढायला लागल्या, त्यांना हातावर पट्टी मारायला निघाल्या, म्हणून शिकवण्या बंद पडल्या. म्हणजे आईची सर्वांत अवघड वेळ आणि ताईंचं स्वतःचं असं जे काही होतं त्याची वेळ एकच होती. हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता शेवटचा रकाना. राग सात-आठच्या वर गेला की त्याच्या पुढे असं लिहिलेलं: ‘तेल लावून पाय चेपले, दीड वाजेपर्यंत.’ ‘रात्रभर तिच्या उशाशी बसले.’ ‘मावसबहिणीकडच्या हळदीकुंकवाला गेले नाही.’ ‘शिरा.’ आणि त्याच्या खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशी, झोप तीन तास आणि राग नऊ.

रागाचं प्रायश्चित्त म्हणून त्या अजून सेवा करत होत्या, त्या सेवेसाठी स्वतःची झोप आणि विसावा देऊन टाकत होत्या, आणि झोप गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा चिडत होत्या. अपराधीपणामुळे माणूस निदान मर्यादेत राहतं अशी आपली समजूत असते. ताईंच्या वहीत उलट दिसत होतं. अपराधीपणामुळेच त्या मदत नाकारत होत्या आणि मनगट आवळण्यापर्यंत पोचत होत्या. मी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि ओळी बोटाने दाखवल्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे शिरा करायचा नाही?” मी म्हटलं, शिरा करा, पण आदल्या दिवशी ओरडलात म्हणून नको.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली, ती डॉक्टरांच्या कामाची होती. मध्यरात्रीचं जागरण जुनं नव्हतं. ते जुलैच्या शेवटी तीन-चार दिवसांत एकदम सुरू झालं होतं. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढत जातो. माणूस आठवड्याच्या आत एकदम बिघडलं, त्याला नसलेली माणसं दिसायला लागली, दिवसा गुंगी आणि रात्री गोंधळ असं झालं, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसायचं नसतं. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, कुठेतरी दुखणं, नवीन सुरू झालेली गोळी, असं काहीतरी शोधायचं असतं. आजींची विचारपूस करताना कळलं की जुलैमध्ये त्यांना सर्दी झाली, तेव्हा मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीने त्या छान झोपल्या. म्हणून ताईंनी ती रोज रात्री चालू ठेवली होती.

त्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं. अल्झायमरमध्ये मेंदूतलं अॅसिटिलकोलीन हे रसायन आधीच कमी पडत असतं, आजींना चालू असलेली डोनेपेझिल ही गोळी ते टिकवून धरायला दिलेली असते, आणि क्लोरफेनिरामिन नेमकं त्याच रसायनाचं काम अडवतं. झोप येते खरी, पण गोंधळ वाढतो, पोट साफ होत नाही, लघवी तुंबते. आजींचं पोट पाच दिवस साफ नव्हतं आणि लघवीच्या तपासणीत संसर्ग निघाला. डॉक्टरांनी सर्दीची गोळी बंद केली, पोटाचा आणि संसर्गाचा उपचार केला आणि डोनेपेझिल रात्रीऐवजी सकाळी द्यायला सांगितली, कारण काहींना ती रात्री घेतली की झोप लागत नाही. दहा-बारा दिवसांत आजी रात्री एकदाच उठायला लागल्या. ताईंना सलग पाच तास झोप मिळू लागली.

इथे माझं चुकलं. कारण सापडल्याच्या आनंदात मी ते त्यांना घाईघाईने सांगितलं. त्यांनी ऐकलं एवढंच, की मीच आईला बिघडवलं. पुढची भेट त्यांनी रद्द केली आणि वहीत त्या आठवड्याची झोप पुन्हा तीन तास. ज्या बाईचा सगळा दिवस ‘माझं काय चुकलं’ यावर चालतो तिला कारण सांगताना आधी हे सांगायला हवं होतं, की ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, तिच्या वेष्टनावर स्मृतिभ्रंशाबद्दल ताईंना वाचता येईल असं काही नसतं, आणि आजींना पाहणाऱ्या तीन डॉक्टरांपैकी कुणीही ‘अजून काय काय देता’ असं विचारलं नव्हतं. ते मी नंतर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

मदतीच्या बाबतीतही पहिला घाट फसला. ब्युरोतून बारा तासांच्या मावशी आणल्या, महिना 16,000 रुपये ठरले. आजींनी पहिल्याच दिवशी त्यांच्यावर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. चौथ्या दिवशी ताईंनी मावशींना परत पाठवलं. मला म्हणाल्या की आईला त्या आवडल्या नाहीत. पण त्या चार दिवसांत ताई घराबाहेर पडल्याच नव्हत्या. मावशींच्या मागे उभं राहून ‘असा नाही, असा घास भरवा’ म्हणत होत्या. बारा तास मोकळे मिळाले आणि त्या बारा तासांचं करायचं काय हे ठाऊक नव्हतं. उलट आपण आई परक्याच्या हाती टाकली ही बोच दिवसभर समोर उभी.

दुसऱ्यांदा आम्ही फार थोडक्यात सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सात. बाई गल्लीतल्याच, आजींना चेहऱ्याने माहीत असलेल्या. पहिला महिनाभर त्यांनी आजींच्या अंगाला हात लावायचा नाही, अंघोळ-कपडे काही नाही. फक्त शेजारी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, नाहीतर आजींकडून पाढे म्हणवून घ्यायचे. आजींना तीस पर्यंत पाढे अजून येत होते, आणि चुकणाऱ्या विद्यार्थिनीला शिकवताना त्या ‘घरी जायचंय’ विसरायच्या. त्या दोन तासांत ताईंनी घरात थांबायचं नाही, ही एकच अट मी घातली. पहिल्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन बसल्या आणि वीस मिनिटांत परतल्या. तिसऱ्या आठवड्यात एका ओळखीच्या घरी जाऊन दोन मुलांची शिकवणी सुरू केली. मी सुचवलं नव्हतं.

भावाचं प्रकरण वेगळं. तो महिन्यातून एकदा यायचा, पेढे आणायचा, आणि आजी त्याच्यासमोर ताठ बसून ‘आला माझा राजा’ म्हणत अगदी सरळ बोलायच्या. पाहुण्यांसमोर तास-दोन तास सावरून बसणं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना बऱ्याचदा जमतं, त्याची किंमत मागाहून घरातलं माणूस मोजतं. भाऊ म्हणायचा, “आई तर छान आहे, ताई, तूच फार ताण घेतेस.” त्या वाक्याइतका राग ताईंना पाटल्यांच्या आळाचाही यायचा नाही. मी भावाला बोलावून समजावण्याऐवजी, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एकट्याने आईजवळ राहायला सांगितलं. ताई त्या वेळात मुलीकडे पुण्याला गेल्या. सोमवारी भाऊ फार बोलला नाही, संध्याकाळच्या बाईंचे पैसे मात्र त्या महिन्यापासून तो देतो.

त्यानंतर त्याने सुचवलं की आई तीन महिने तुझ्याकडे, तीन महिने माझ्याकडे. आपल्याकडे हे न्याय्य वाटतं. पण स्मृतिभ्रंशात माणसाला संडास कुठल्या बाजूला आहे हे सवयीने कळत असतं, घर बदललं की ती सवयही जाते आणि सगळं एकदम कोसळू शकतं. म्हणून घर बदलायचं नाही, माणूस बदलायचं असं ठरलं. आता भाऊ महिन्यातून चार दिवस नाशिकला येऊन राहतो.

एवढं सगळं होऊनही ताईंच्या रागाचा एक भाग हलत नव्हता. ‘ती आई बोलत नाहीये, आजार बोलतोय’ हे वाक्य आम्ही सगळेच सांगतो. पाटल्यांच्या आळाला ते लागू पडतं. पण ताईंचा सगळा राग आजारावर नव्हता. बारावीनंतर त्यांना डी.एड. करायचं होतं. आई स्वतः शिक्षिका, तरी म्हणाली की पैसे भावाच्या इंजिनिअरिंगला लागणार, तू लग्न कर. तो राग तीस वर्षांहून जुना होता. आजाराच्या नावावर तो खपवला की ताईंना वाटायचं, एवढं समजूनही मला राग येतो म्हणजे मीच वाईट. मी त्यांना सांगितलं, हा राग त्या आईवर आहे जी तेव्हा भानावर होती, आणि तो ठेवायचा तुम्हाला अधिकार आहे. त्या खूप रडल्या. म्हणाल्या, “एकदा विचारायचं होतं तिला. आता भांडायला आईच उरली नाही.”

समोर बसलेलं माणूस असं थोडं थोडं नाहीसं होत जातं, त्याचं सुतक कुणी पाळत नाही आणि सांत्वनाला कुणी येत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी या दुःखाला धूसर वियोग अशा अर्थाचं नाव दिलं. ताईंना नावाशी देणंघेणं नव्हतं, पण आपण चिडलेल्या असतो तेव्हा निम्म्या वेळा खरं तर शोकात असतो हे त्यांनी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं: ‘आज राग सहा. खरं म्हणजे आठवण आली.’

पुराच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांनीच शोधलं. आधी त्या खरी माहिती द्यायच्या: पूर नाही, आपण सिडकोत राहतो, वाडा कधीच पाडला. प्रत्येक वाक्याने आजी अधिक घाबरायच्या. आजींना पाण्याची पातळी कुठे हवी होती? त्यांना कडेवरच्या मुलाची काळजी होती. एका संध्याकाळी ताई म्हणाल्या, “आई, पोरं माळ्यावर नेलीत. धान्य पण वर चढवलंय.” आजींनी विचारलं, “कोरडी आहेत ना?” “कोरडी आहेत.” आणि मग अर्धा तास शांतता. प्रश्न नंतरही आला, पण त्या संध्याकाळी 43 वेळा नाही, सहा वेळा.

नोव्हेंबरात झॅरिटची बेरीज 41 होती आणि नैराश्याची 8. रागाच्या प्रश्नाला त्यांनी न अडखळता 2 सांगितलं. ‘अजून करायला हवं’ला अजूनही 3. तो आकडा त्याहून खाली गेला नाही आणि मीही त्याच्या मागे लागले नाही.

पुढच्या जुलैत त्या सहज भेटायला आल्या. आजी आता फार बोलत नाहीत, घास गिळायला वेळ लावतात, रात्रीसाठी दुसऱ्या मावशी ठेवल्या आहेत. आदल्या आठवड्यात धरणातून गोदावरीला पाणी सोडलं होतं. ताई म्हणाल्या, “दोन दिवस पाऊस होता मॅडम, तिने विचारलंच नाही. शेवटी मीच तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, पोरं माळ्यावर आहेत म्हणून.” मग घड्याळ पाहिलं. साडेचार वाजले होते. पाचला शिकवणीची मुलं येणार होती, त्यांना उठायचं होतं.